एन्झाइम दुप्पट घातलं की फ्रुक्टोज जास्त मिळतं, मग समतोल सरकत नाही असं का म्हणतात?

इरा

बायोकेमिस्ट्री, एम.एस्सी. पहिलं वर्ष. प्रॅक्टिकलच्या आकड्यांबद्दल विचारायचं आहे.

ग्लुकोज आयसोमरेज होतं, मण्यांवर बसवलेलं. हे एन्झाइम ग्लुकोजचं फ्रुक्टोज करतं. तापमान ६० अंश, पीएच ७.५, बफरमध्ये थोडं मॅग्नेशियम सल्फेट. दोन फ्लास्कमध्ये ग्लुकोजचं तेच द्रावण, १०० मिलीला १० ग्रॅम. पहिल्यात मण्यांचं एक माप, दुसऱ्यात दोन. तासाभराने नमुना काढला, मणी गाळले, २० अंशांपर्यंत थंड केलं आणि पोलारिमीटरच्या २० सेंमी नळीत वाचन घेतलं. ग्लुकोज प्रकाशाचं प्रतल उजवीकडे वळवतं आणि फ्रुक्टोज डावीकडे, त्यामुळे आकडा जितका खाली उतरेल तितकं फ्रुक्टोज जास्त.

सुरुवातीचं वाचन +१०.५ अंश होतं. तासानंतर पहिला फ्लास्क +३.४, दुसरा −०.२. टक्केवारी काढली तर फ्रुक्टोज पहिल्यात २५ आणि दुसऱ्यात ३७ च्या आसपास.

परीक्षेत आम्ही सगळे डोळे झाकून लिहितो की एन्झाइम समतोल बदलत नाही, फक्त वेग वाढवतं. पण इथे एन्झाइम वाढवल्यावर मिश्रण उघड उघड फ्रुक्टोजकडे गेलंय. दोन्ही फ्लास्क एकाच वॉटर बाथमध्ये होते, वेळही एकच. मग हा फरक समतोलाचा नाही तर कशाचा?

निनाद

तुझे आकडे चांगले आहेत, त्यामुळे त्यांच्यावरूनच बोलू. मी पण एम.एस्सी.लाच आहे, फिजिकल केमिस्ट्री.

तुझी वाचनं तासाभरानंतरची आहेत. तेव्हा दोन्ही फ्लास्क वाटेत होते, पोचला एकही नव्हता. ६० अंशांना ग्लुकोज-फ्रुक्टोजचा समतोल जवळजवळ निम्मा-निम्मा असतो, फ्रुक्टोज ४९ टक्क्यांच्या आसपास. तुझा एक मापवाला फ्लास्क तासात २५ वर आला, म्हणजे अर्धं अंतर गेलं. पुढच्या तासात उरलेल्याचं अर्धं जाईल, त्यापुढे त्याचं अर्धं. दुप्पट मापवाल्याने तेवढ्याच वेळात दोनदा 'अर्धं' कापलं, म्हणून तो ३७ वर दिसतो. दोन्ही फ्लास्क तसेच चालू ठेवले तर अंदाजे असं दिसेल:

| वेळ | एक माप | दोन मापं |
|---|---|---|
| १ तास | २५% | ३७% |
| २ तास | ३७% | ४६% |
| ४ तास | ४६% | ४९% |
| ८ तास | ४९% | ४९% |

'एक माप, २ तास' आणि 'दोन मापं, १ तास' हे आकडे बघ, दोन्हीकडे ३७. 'एक माप, ४ तास' आणि 'दोन मापं, २ तास' इथेही तेच. एन्झाइम दुप्पट केल्याने तुझं घड्याळ दुप्पट वेगाने चाललं, एवढंच झालं. घड्याळ कितीही पळवलं तरी शेवटची ओळ ४९ चीच राहणार.

इरा

तक्ता समजला. पण त्यात तू ४९ आधीच धरून चाललायस. समतोल ४९ लाच आहे आणि दोन्ही फ्लास्क तिथेच थांबतील, हेच तर सिद्ध करायचं आहे ना? माझ्या बाजूने बोलायचं तर मी म्हणेन की दोन मापवाल्याचा समतोल ६० टक्क्यांवर आहे आणि तोही अजून वाटेत आहे. एका तासाच्या वाचनावरून तुझं बरोबर की माझं, हे ठरत नाही.

आणि दुसरं म्हणजे, एन्झाइमचं नाव आणि काम 'ग्लुकोजचं फ्रुक्टोज करणं' असं असेल, तर ते पुढच्या दिशेला जास्त मदत करतं असं मानण्यात गैर काय?

निनाद

पहिला मुद्दा शंभर टक्के बरोबर. एका वाचनावरून ठरत नाही. त्यासाठी प्रयोग आहे, खाली लिहितो.

दुसरा मुद्दा आधी घेतो, कारण खरी गडबड तिथेच होते. हे एन्झाइम नेमकं काय करतं बघ. ग्लुकोजची बंद कडी उघडते, मग दुसऱ्या कार्बनवरचा हायड्रोजन पहिल्या कार्बनवर सरकतो. हे घडताना तिथला धातूचा आयन ऑक्सिजनना धरून ठेवतो, म्हणून मॅग्नेशियम लागतं. हायड्रोजन दोन कार्बनांच्या अधेमधे असतो ती अवस्था सगळ्यात अवघड, आणि एन्झाइम नेमकी तीच सोपी करतं. आता फ्रुक्टोजकडून निघ. हायड्रोजन पहिल्या कार्बनवरून दुसऱ्यावर जायला हवा, आणि अधेमधली अवस्था तंतोतंत तीच. ती ग्लुकोजकडून येणाऱ्यासाठी सोपी झाली आणि फ्रुक्टोजकडून येणाऱ्यासाठी अवघड राहिली, असं होऊच शकत नाही. पुढचा वेग लाख पटीने वाढला तर मागचाही लाख पटीनेच वाढतो. समतोलाचा स्थिरांक म्हणजे या दोन वेग-स्थिरांकांचं गुणोत्तर:

```
K = k₁ / k₋₁
```

वर-खाली दोन्हीकडे लाखाने गुणलं, तर K जिथल्या तिथे.

आयसोमरेजच्या नावात दिशा नाही हेही लक्षात घे. पेशीत त्याचं रोजचं काम झायलोजचं झायल्युलोज करणं आहे. ग्लुकोजवर त्याला आपण कामाला लावलं.

आता प्रयोग. तिसरा फ्लास्क लाव, पण त्यात ग्लुकोजऐवजी फ्रुक्टोज घाल, तेवढंच, १०० मिलीला १० ग्रॅम. सुरुवातीचं वाचन −१८.४ च्या आसपास यायला हवं. तेच मणी, तेच तापमान. तुझं म्हणणं बरोबर असेल आणि एन्झाइम फ्रुक्टोजच्या बाजूने ढकलत असेल, तर हा फ्लास्क −१८ जवळच बसून राहील. माझं बरोबर असेल तर तो वर चढेल, तुझे ग्लुकोजवाले खाली उतरतील, आणि तिघे −३.७ च्या आसपास भेटतील.

तन्मय

बी.टेक. बायोटेक. निनादचं साध्या एन्झाइमसाठी ठीक आहे, पण सरसकट खरं नाही. हेक्झोकायनेज बघा. ग्लुकोजला फॉस्फेट जोडणं ही चढाची रिअ‍ॅक्शन आहे, +१३.८ किलोज्यूल. आपणहून होत नाही. हेक्झोकायनेज ती जवळजवळ पूर्ण उताराची करतं. म्हणजे एन्झाइमने समतोल पलटवलाच की. पेशीतली अर्धी एन्झाइम्स असंच करतात.

निनाद

तन्मय, आकडे बरोबर आहेत, श्रेय चुकीच्या माणसाला दिलंयस. +१३.८ ही 'ग्लुकोज अधिक मोकळं फॉस्फेट' या रिअ‍ॅक्शनची किंमत. हेक्झोकायनेज ती रिअ‍ॅक्शन करतच नाही. ते 'ग्लुकोज अधिक एटीपी' ही वेगळी रिअ‍ॅक्शन करतं. एटीपी तुटण्याचे −३०.५ त्यात मिळवले की −१६.७ येतात, आणि हे −१६.७ हेक्झोकायनेज नसतानाही तेवढेच असतात. एन्झाइम नसेल तर ती कंटाळवाणी हळू होईल, पण उतार तोच. हेक्झोकायनेज ठेवून एटीपी काढून टाक आणि साधं फॉस्फेट घाल, काही होणार नाही.

तन्मय

म्हणजे उतार एटीपीने दिला, एन्झाइमने दोघांची गाठ घातली. ठीक. पण एटीपी वाया न जाता फॉस्फेट नेमकं ग्लुकोजवरच जाणं, हे काम एन्झाइमचंच ना? तेवढं तरी समतोलात धरायला नको का?

निनाद

ते एन्झाइमचंच काम, आणि मोठं काम. पण ते 'कुठली वाट वेगाने चालेल' याबद्दलचं आहे. एटीपीला नुसतं पाण्याने तुटायची वाटही उताराचीच आहे, हेक्झोकायनेज ती वाट जवळजवळ उघडत नाही. दोन उतारांपैकी कुठला वापरला जाईल हे एन्झाइम ठरवतं, उतार किती आहे हे नाही.

ऊसकाका

मुलांनो, चर्चा आवडली म्हणून लिहितोय. मी साखर कारखान्याच्या लॅबमध्ये केमिस्ट होतो, निवृत्त झालो. पोलारिमीटरवर आयुष्य गेलं.

आमच्याकडे तोडलेला ऊस यार्डात पडून राहिला की पोल, म्हणजे रसाचं पोलारिमीटरवरचं वाचन, उतरायचा, प्युरिटी घसरायची आणि रिड्युसिंग शुगर वाढायची. कारण उसातलंच साखर फोडणारं एन्झाइम इन्व्हर्टेज आणि उसावर बसलेले जंतू. रस तापवला की एन्झाइम मरतं आणि घसरण थांबते. म्हणजे माझ्या अनुभवात तर एन्झाइम आहे तोवर साखर ग्लुकोज-फ्रुक्टोजकडे जाते, एन्झाइम मेलं की जायची थांबते. हे सरकवणं नाही तर काय?

इरा, एक सूचना. ६० अंशांवरून नमुना थंड केल्यावर लगेच वाचू नकोस. फ्रुक्टोजचं वळण तापमानाबरोबर फार बदलतं, आणि थंड झाल्यावरही त्याची रूपं आपापसात जुळायला थोडा वेळ जातो. नळी २० अंशांवर ठेवून आकडा हलायचा थांबेपर्यंत थांब. ताज्या विरघळवलेल्या ग्लुकोजचंही तेच, सुरुवातीला आकडा जास्त येतो आणि मग खाली बसतो. आम्ही नवीन पोरांना पहिल्यांदा हेच शिकवायचो.

निनाद

काका, तुमची वाचनाची सूचना फार मोलाची आहे. इरा, हे नक्की पाळ.

इन्व्हर्टेजचं असं बघा. पाण्यात साखरेचा समतोल जवळजवळ संपूर्णपणे तुटण्याच्या बाजूला आहे. आयसोमरेजसारखा निम्मा-निम्मा नाही. म्हणजे रसातली साखर पहिल्या क्षणापासूनच समतोलापासून लांब असते आणि तिला तुटायचंच असतं. पण निर्जंतुक, आम्ल नसलेल्या पाण्यात साध्या तापमानाला हे आपोआप व्हायला शेकडो वर्षं जातात. इन्व्हर्टेज ते काही दिवसांवर आणतं. तुम्ही रस तापवता तेव्हा वाट बंद होते आणि साखर पुन्हा शतकांच्या वेगावर अडकून राहते. तिचा समतोल तापवण्याआधी जिथे होता तिथेच असतो, तुम्ही तिला तिथे पोचू देत नाही.

तुमच्याच लॅबमधली खूण सांगतो. इन्व्हर्टेज जागेवर असताना रसात आणखी ग्लुकोज-फ्रुक्टोज ओतलं, तर मोजण्याजोगी साखर परत बनत नाही. आणि आम्लाने रस फोडला, तर एन्झाइमचा थेंबही नसताना साखर त्याच टोकाला जाते.

ऊसकाका

आम्लाने फोडणं तर आमचं रोजचंच. क्लर्जेट पद्धतीत हायड्रोक्लोरिक आम्लाने साखर फोडून पोल पुन्हा वाचतो, आणि त्याच कामाला इन्व्हर्टेज वापरायचीही पद्धत आहे. दोन्हींनी शेवटचं वाचन जवळपास सारखंच येतं. याचा अर्थ असा घ्यायचा हे डोक्यात आलं नव्हतं.

इरा

फ्रुक्टोजचा फ्लास्क लावला. सर म्हणाले रात्रभर चालू दे, झाकण घट्ट लाव. ग्लुकोजवाले दोन्हीही नव्याने लावले. काकांनी सांगितल्याप्रमाणे नळी २० अंशांवर ठेवून आकडा स्थिर झाल्यावरच वाचला.

फ्रुक्टोजवाल्याची सुरुवात −१८.३. तासाभराने −११ च्या आसपास. वर चढला. हे वाचन नळीत बघत होते तेव्हाच कळलं की तो −१८ जवळ बसून राहत नाही. फ्रुक्टोजपासून ग्लुकोज तेच मणी करत होते.

सकाळची वाचनं:
ग्लुकोज, एक माप: −३.५
ग्लुकोज, दोन मापं: −३.५
फ्रुक्टोज, एक माप: −४.०

एक आणि दोन मापं सारखीच आली, म्हणजे माझा ६० टक्क्यांचा समतोल नाही, हे मान्य. पण ग्लुकोजकडून −३.५ आणि फ्रुक्टोजकडून −४.० का? टक्क्यांत ४८.५ आणि ५०. भेटायला हवे होते ना?

प्राजक्ता

इरा, आमच्याकडे याच प्रयोगात ग्लुकोजवाला फ्लास्क −०.९ वर अडकला होता, म्हणजे सुमारे ३९ टक्के. दुसऱ्या दिवशीही तेच. मी रिपोर्टमध्ये 'समतोल ३९%' लिहून मोकळी झाले होते. मार्गदर्शक बाईंनी सांगितलं की ताजे मणी घाल आणि बघ. घातले, आणि आकडा परत उतरायला लागला. बफर नळाच्या पाण्यात केलं होतं आणि मॅग्नेशियम घालायचं राहिलं होतं. कॅल्शियम या एन्झाइमला नडतं, आणि मॅग्नेशियमशिवाय ते गरम पाण्यात फार टिकत नाही. म्हणून तुझं थांबलेलं वाचन समतोलच आहे की एन्झाइमने दम टाकलाय, हे आधी बघ.

निनाद

प्राजक्ताने फार नेमकी गोष्ट सांगितली. वाचन हलायचं थांबलं एवढ्यावरून समतोल ठरत नाही. रिअ‍ॅक्शन थांबायची दोन कारणं असतात, ती पोचली किंवा तिचं एन्झाइम संपलं. ताजं एन्झाइम घालून आकडा हलला तर ती पोचली नव्हती. आणि दोन्ही टोकांकडून येणं हा त्याहून पक्का पुरावा. मरणारं एन्झाइम ग्लुकोजवाल्याला ३९ वर थांबवेल, पण फ्रुक्टोजवाल्याला ६० च्या आसपास थांबवेल. दोघांमध्ये मोठी दरी राहील.

वेळ असेल तर आणखी एक तपासणी आहे, सेल्विनची, १९६५ ची. वेगवेगळ्या मापांच्या फ्लास्कची वाचनं घे आणि आलेखात उभ्या अक्षावर फ्रुक्टोजचे टक्के, आडव्या अक्षावर नुसता वेळ न घेता 'माप गुणिले वेळ' घे. एन्झाइम जिवंत असेल तर सगळे वक्र एकमेकांवर बसतात. एन्झाइम वाटेत मरत असेल तर कमी मापवाला वक्र खाली राहतो, कारण त्याला तेवढ्याच कामाला जास्त वेळ लागतो आणि त्या वेळात जास्त एन्झाइम मरतं. वरच्या तक्त्यात ३७ आणि ४६ दोनदा आले, ते याच कारणाने.

तुझी दरी फक्त अर्ध्या अंशाची आहे. एन्झाइम मेलं असतं तर एक आणि दोन मापांचं वाचन सारखं आलं नसतं. मला वाटतं इथे दुसरंच काही आहे. फ्रुक्टोज ६० अंशांवर रात्रभर राहिलं की थोडं पिवळं पडतं. द्रावणाचा रंग पाहिलास?

इरा

फ्रुक्टोजवाला किंचित पिवळसर होता, हो. ग्लुकोजवाले जवळजवळ पाण्यासारखे. पण फ्रुक्टोज नासलं तर डावं वळण कमी होऊन आकडा वर जायला हवा, −४.० कडे खाली का?

निनाद

बरोबर पकडलंस, माझा अंदाज उलट्या दिशेला जातो. मग वाचनाची चूक, वजनातला फरक, किंवा रात्रभर ६० अंशांवर पाणी उडून द्रावण थोडं घट्ट होणं. घट्ट झालं तर शून्याखालचा आकडा आणखी खाली जाईल. पण पाव टक्के की पाच टक्के पाणी उडालं हे फ्लास्कचं वजन आधी-नंतर केल्याशिवाय कळणार नाही. मी इथे बसून ठरवू शकत नाही.

तन्मय

कारखान्यांचा मुद्दा कुणी घेतला नाही. मक्याच्या स्टार्चपासून जे फ्रुक्टोज सिरप करतात, त्यात हेच एन्झाइम असतं. मूळ सिरपमध्ये फ्रुक्टोज ४२ टक्के आणि शीतपेयांत वापरतात त्यात ५५. म्हणजे एन्झाइमने ५५ पर्यंत नेलंच की?

निनाद

५५ एन्झाइमने येत नाही. एन्झाइमच्या स्तंभातून सिरप ४२ ला बाहेर काढतात, कारण त्यापुढे समतोल जवळ आल्याने वेग मंदावतो. वरच्याच ४९ च्या समतोलावर हिशोब कर. ४२ ला यायला पावणेतीन 'अर्धी' लागतात, ४८ ला साडेपाचच्या थोडं वर. सहा टक्क्यांसाठी जवळपास दुप्पट वेळ आणि तेवढा वेळ गरम सिरपचा रंग बिघडणं. म्हणून ४२ ला थांबतात, मग क्रोमॅटोग्राफीने फ्रुक्टोज वेगळं काढून ९० टक्क्यांचं सिरप करतात आणि ते ४२ मध्ये मिसळून ५५ करतात. एन्झाइमचं माप वाढवून ५५ मिळालं असतं तर हे स्तंभ कुणी उभारले नसते.

तापमान वाढवलं तर समतोल खरोखर थोडा फ्रुक्टोजकडे सरकतो, म्हणून जास्त उष्णता सोसणारी आयसोमरेज शोधण्यामागे लोक लागतात. पण तिथेही सरकवतं तापमान, एन्झाइम फक्त त्या तापमानाला टिकतं. बोरेट घातल्यावरही फ्रुक्टोज निम्म्याच्या बरंच वर जातं, कारण बोरेट फ्रुक्टोजला जास्त घट्ट बांधतं आणि मोकळं फ्रुक्टोज कमी होतं. त्या प्रयोगात 'आयसोमरेजने इतकं फ्रुक्टोज केलं' असं कुणी म्हटलं, तर बोरेटचं श्रेय एन्झाइमला जातं.

इरा

मग माझा शेवटचा प्रश्न. बोरेट फ्रुक्टोजला बांधून समतोल हलवतं. एन्झाइमही फ्रुक्टोजला बांधतंच ना? ते फ्रुक्टोजला ग्लुकोजपेक्षा घट्ट बांधत असेल तर?

निनाद

हा खरा आणि अवघड प्रश्न आहे. एन्झाइमला चिकटलेली साखर धरून मोजलं, तर गुणोत्तर हलतं. पण तुझ्या फ्लास्कमध्ये साखर अर्ध्या मोलरच्या वर आहे आणि एन्झाइमच्या जागा तिच्या हजारात एखादी, म्हणून तो भाग वाचनात दिसत नाही. मोकळ्या साखरेचं गुणोत्तर तेव्हाही K च असतं. नसतं तर मण्यांची जाळी बुडवून आणि बाहेर काढून, दर फेरीला मिश्रण एकदा इकडे आणि एकदा तिकडे नेता आलं असतं आणि त्यातून फुकटची ऊर्जा निघाली असती.

एन्झाइम साखरेइतकंच असेल तेव्हा मात्र, विशेषतः पेशीत काही एन्झाइम्स सब्स्ट्रेटच्या तोडीने असतात तिथे, बांधलेला भाग हिशोबात घ्यावाच लागतो. तो कुठल्या पातळीला महत्त्वाचा ठरतो यावर माझं वाचन अजून अपुरं आहे.

ऊसकाका

इरा, पुढच्या वेळी फ्लास्कचं वजन आधी आणि नंतर कर, आणि नमुन्याचं ब्रिक्सही, म्हणजे विरघळलेल्या पदार्थाचे टक्के, रिफ्रॅक्टोमीटरवर वाच. घट्टपणा बदलला असेल तर ब्रिक्सच सांगेल, आणि पोल त्याच्याशी भागलास की पाणी उडाल्याचा फरक निघून जाईल.

इरा

आमच्या लॅबला रिफ्रॅक्टोमीटर आहे काका. सोमवारी तिन्ही फ्लास्क नव्याने लावते, पाणी उडू नये म्हणून रबरी बुचं लावून. वाचनं आणि ब्रिक्स इथेच टाकते.